दोन महिने म्हणजे नेमकी कोणती तारीख?

पुण्या-मुंबईच्या ऑफिसांत कुणी ‘पेपर टाकले’ असं कळलं की चहाच्या टेबलावर पहिला प्रश्न येतो, ‘कुठे चाललास?’ आणि दुसरा, ‘शेवटचा दिवस कधी?’ पहिल्या प्रश्नाचं उत्तर लोक लपवतात. दुसऱ्याचं उत्तर मात्र बऱ्याच जणांना खरोखरच ठाऊक नसतं. नियुक्तीपत्रात ‘दोन महिन्यांची नोटीस’ एवढंच लिहिलेलं असतं, राजीनाम्यात ‘नियमानुसार नोटीस पिरियड पूर्ण करीन’ असं मोघम वाक्य टाकलेलं असतं आणि तारीख काढायचं काम एचआरच्या सॉफ्टवेअरवर सोडून दिलेलं असतं. मग सॉफ्टवेअर एक तारीख दाखवतं, साहेबांच्या मेलमध्ये दुसरीच असते आणि नव्या कंपनीला तिसरी कळवून झालेली असते.

एका दिवसाच्या फरकाने काय बिघडतं, असं वाटू शकतं. कधीकधी त्या एका दिवसावर सत्तर हजार रुपये अवलंबून असतात. ते कसं, हे एका उदाहरणातून पाहू. उदाहरण काल्पनिक आहे, पण त्यातल्या तारखा, वार आणि हिशेब खरे आहेत.

चाकणच्या एका कंपनीच्या हिशेब विभागात एक बाई काम करतात. कंपनीत पाच दिवसांचा आठवडा आहे, शनिवार-रविवार सुट्टी. त्या 1 मार्च 2021 रोजी, सोमवारी, कामावर रुजू झाल्या. एकूण पगार महिना 48,000 रुपये, त्यात मूळ पगार आणि महागाई भत्ता मिळून 24,000. नियुक्तीपत्रातलं कलम सांगतं की कोणत्याही पक्षाला दोन महिन्यांची लेखी नोटीस देऊन किंवा तेवढ्या काळाचा पगार देऊन करार संपवता येईल. दुसऱ्या एका कंपनीने त्यांना 2 मार्च 2026 पासून, सोमवारपासून, रुजू व्हायला सांगितलं आहे. बाईंनी 31 डिसेंबर 2025 रोजी, बुधवारी, राजीनामा लिहिला.

आता त्यांचा शेवटचा दिवस कोणता?

पहिली गाठ सुटते ती ‘महिना’ कसा मोजायचा इथे. दोन महिने म्हणजे साठ दिवस, असं बहुतेकांच्या डोक्यात पक्कं बसलेलं असतं. कायद्यात तसं नाही. 1897 च्या सामान्य वाक्खंड अधिनियमानुसार महिना म्हणजे इंग्रजी कॅलेंडरचा महिना. हा अधिनियम मुळात कायद्यांच्या भाषेसाठी आहे, पण करारात वेगळं काही लिहिलेलं नसेल तर तिथेही महिना असाच वाचला जातो. त्यामुळे दोन महिन्यांचे दिवस ऋतूप्रमाणे बदलतात. 1 जुलैला नोटीस दिली तर 1 सप्टेंबरपर्यंत 62 दिवस होतात. 1 जानेवारीला दिली आणि ते लीप वर्ष नसेल, तर 1 मार्चपर्यंत फक्त 59. पावसाळ्यात नोकरी सोडणारा माणूस हिवाळ्यात सोडणाऱ्यापेक्षा तीन दिवस जास्त काम करतो आणि दोघांनीही दोनच महिन्यांची नोटीस दिलेली असते.

मोजण्याची रीत सोपी आहे. नोटीस दिली तो दिवस सोडायचा आणि शेवटच्या महिन्यातली तीच तारीख धरायची. 10 एप्रिलला नोटीस दिली तर दोन महिने 10 जूनला संपतात. मधे एप्रिलचे 30 आणि मेचे 31 दिवस आले याच्याशी देणंघेणं नाही. शेवटच्या महिन्यात ती तारीखच नसेल, तर त्या महिन्याचा शेवटचा दिवस धरायचा.

या रीतीवर इंग्लंडमध्ये एक खटला गाजला आणि आपल्याकडच्या न्यायालयांनीही त्याचा आधार घेतला आहे. एका घरमालकाने आपल्या व्यावसायिक भाडेकरूला 30 सप्टेंबर 1978 रोजी नोटीस दिली. भाडेकरूला न्यायालयात अर्ज करायला चार महिने होते. त्याने 31 जानेवारी 1979 रोजी अर्ज केला. त्याचं म्हणणं असं, की सप्टेंबर महिन्याच्या शेवटच्या दिवशी नोटीस मिळाली, म्हणून मुदतही जानेवारीच्या शेवटच्या दिवशी संपायला हवी. 1981 मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सने निकाल दिला, की नाही, 30 तारखेला सुरू झालेली मुदत 30 जानेवारीलाच संपली. एका दिवसाने त्याचा अर्ज बाद झाला. आपल्या सर्वोच्च न्यायालयाने 2010 मध्ये हिमाचल प्रदेश सरकार विरुद्ध हिमाचल टेक्नो इंजिनिअर्स या खटल्यात हीच रीत वापरली आणि तीन महिने म्हणजे 90 दिवस असं धरणारा उच्च न्यायालयाचा हिशेब चुकीचा ठरवला. तो खटला लवादाच्या निवाड्याला आव्हान देण्याच्या मुदतीचा होता, नोकरीचा नव्हे. पण महिना मोजण्याची रीत दोन्हीकडे तीच.

चाकणच्या बाईंकडे परत येऊ. 31 डिसेंबरची नोटीस, म्हणून दिवसांची मोजणी 1 जानेवारीपासून. दोन महिन्यांनी 31 फेब्रुवारी यायला हवा, तो येत नाही. म्हणून मुदत 28 फेब्रुवारी 2026 रोजी संपते. त्या दिवशी शनिवार आहे.

कंपनीचं सॉफ्टवेअर मात्र 1 मार्च दाखवतं. त्यात कुणीतरी ‘नोटीस: 60 दिवस’ असं भरून ठेवलेलं आहे आणि 1 जानेवारीपासून साठावा दिवस 1 मार्च, रविवार, हा येतो. काही कंपन्यांच्या सॉफ्टवेअरमध्ये राजीनाम्याचा दिवसही मोजणीत धरलेला असतो. तसं असतं तर साठावा दिवस 28 फेब्रुवारी आला असता. आणि बाईंचे साहेब मेल करतात: ‘तुमचा लास्ट वर्किंग डे 27 फेब्रुवारी, शुक्रवार. शनिवारी तसंही ऑफिस बंद असतं.’ 27, 28 आणि 1. तीन तारखा, आणि प्रत्येकीमागे कुणाचा ना कुणाचा प्रामाणिक हिशेब.

साहेबांची तारीख सर्वांत सोयीची वाटते आणि सर्वांत महागात तीच पडते. बाई 1 मार्च 2021 ला लागल्या, म्हणजे त्यांची पाच वर्षं 28 फेब्रुवारी 2026 चा दिवस सरताना पूर्ण होतात. ग्रॅच्युइटीसाठी कायम कर्मचाऱ्याला पाच वर्षांची अखंड सेवा लागते. 1972 च्या कायद्यात तसं होतं आणि आता त्याची जागा घेणाऱ्या सामाजिक सुरक्षा संहितेतही तसंच आहे. हिशेबाचं सूत्रही ठरलेलं आहे: शेवटचा मूळ पगार व महागाई भत्ता, गुणिले 15, भागिले 26, गुणिले सेवेची वर्षं. बाईंच्या बाबतीत 24,000 गुणिले 15, भागिले 26, गुणिले 5, म्हणजे 69,231 रुपये. नोंदीत 28 तारीख असेल तर ही रक्कम निर्विवाद मिळते. 27 असेल तर सेवा चार वर्षं, अकरा महिने आणि सत्तावीस दिवसांची होते आणि वादाला तोंड फुटतं.

तो वाद कर्मचाऱ्याने हरलेलाच असतो असं मात्र नाही. वर्षात 240 दिवस काम झालं असेल, आणि आठवड्यात सहा दिवसांपेक्षा कमी काम चालणाऱ्या ठिकाणी 190 दिवस, तर ते अखंड सेवेचं पूर्ण वर्ष धरावं, अशी तरतूद ग्रॅच्युइटीच्या कायद्यात होती. त्या आधारावर चार वर्षं आणि पाचव्या वर्षातले 240 दिवस पुरेसे आहेत, असं मद्रास उच्च न्यायालयाने म्हटलं आहे. पण प्रत्येक कंपनी ते आपणहून मान्य करत नाही. मग अर्ज, सुनावणी, तारखा. शनिवारचा एक दिवस कागदावर नीट लिहिला असता, तर यातलं काहीच करावं लागलं नसतं.

म्हणून दोन गोष्टी वेगळ्या ठेवाव्या लागतात. टेबल आवरून, लॅपटॉप परत करून माणूस शेवटचा ऑफिसातून बाहेर पडतो तो एक दिवस, आणि त्याची नोकरी संपते तो दुसरा. पगार, ग्रॅच्युइटी, भविष्यनिर्वाह निधीतली नोंद, अनुभवाच्या दाखल्यावरची तारीख हे सगळं दुसऱ्या दिवसावर चालतं. मुदतीत येणारे रविवार, दिवाळी, प्रजासत्ताक दिन हे सगळे मुदतीतच मोजले जातात, आणि शेवटचा दिवस सुट्टीचा आला म्हणून नोकरी आपोआप सोमवारपर्यंत पुढे सरकत नाही. सुट्टीच्या दिवशी मुदत संपली तर पुढच्या दिवशी काम करता येतं, अशी सवलत कायद्यात आहे. पण ती न्यायालयात किंवा कार्यालयात एखादी गोष्ट दाखल करण्यासाठी आहे, नोकरीचा करार लांबवण्यासाठी नाही.

दुसरी गाठ सुरुवातीच्या टोकाला असते. नोटीस कधी सुरू झाली? बाईंनी समजा 31 डिसेंबरला संध्याकाळी फक्त साहेबांना मेल केला असता, आणि साहेब वर्षअखेरीच्या रजेवर गोव्याला असते. ते 5 जानेवारीला परत येऊन मेल उघडतात आणि म्हणतात, ‘मला आज कळलं, तेव्हा दोन महिने आजपासून.’ त्या हिशेबाने मुदत 5 मार्चला संपते आणि नव्या नोकरीची 2 मार्चची तारीख चुकते. साहेबांचं म्हणणं टिकेल की नाही, हे नियुक्तीपत्रातल्या शब्दांवर आणि कंपनीच्या धोरणावर ठरेल. ‘नोटीस दिल्यापासून’, ‘नोटीस मिळाल्यापासून’ आणि ‘राजीनामा स्वीकारल्यापासून’ ही तीन वेगवेगळी कलमं आहेत आणि तिन्ही प्रकारची नियुक्तीपत्रं आपल्याकडे सर्रास दिली जातात. तिसरं कलम कर्मचाऱ्यासाठी सर्वांत अडचणीचं, कारण त्यात घड्याळ सुरू करण्याची किल्ली कंपनीच्या हातात राहते.

यावरचा उपाय आपल्या सरकारी कचेऱ्यांइतकाच जुना आहे: पोच घेणं. कागदी पत्र असेल तर दुसऱ्या प्रतीवर आवक विभागाचा शिक्का, तारीख आणि सही. मेल असेल तर तो साहेबांबरोबर एचआरच्या अधिकृत पत्त्यावर आणि त्याची एक प्रत स्वतःच्या खाजगी पत्त्यावरही, कारण नोकरी सुटली की ऑफिसचा मेल त्याच संध्याकाळी बंद होतो. कंपनीच्या पोर्टलवर राजीनामा भरला असेल तर तो भरल्याच्या वेळेसकट पडद्याचा फोटो काढून ठेवावा.

महाराष्ट्रातल्या खाजगी शाळांच्या बाबतीत ही काळजी थेट कायद्यातच लिहून ठेवली आहे. 1977 च्या खाजगी शाळा कर्मचारी सेवाशर्ती कायद्याच्या सातव्या कलमानुसार राजीनामा दोन प्रतींत लिहायचा, दोन्हींवर सही करायची, तारीख घालायची, एक प्रत संस्थेला रजिस्टर पोस्टाने पाठवायची आणि दुसरी स्वतःजवळ ठेवायची. कायम शिक्षकाला तीन कॅलेंडर महिन्यांची नोटीस द्यावी लागते, कायम नसलेल्याला एका महिन्याची. ‘कॅलेंडर’ हा शब्द नियमात मुद्दाम आहे, त्यामुळे 90 दिवस की तीन महिने, हा प्रश्न तिथे उद्भवतच नाही. शिक्षकांकडून कोऱ्या कागदावर सह्या घेऊन नंतर त्यांचे ‘राजीनामे’ दाखवण्याचे प्रकार होऊ शकतात, हे लक्षात घेतलं की तारीख, सही आणि पोस्टाची पावती यांचा हा आग्रह किती शहाणपणाचा आहे ते कळतं. खाजगी कंपन्यांतल्या लाखो लोकांसाठी असं काही लिहून ठेवलेलं नाही. त्यांना हे स्वतःच करावं लागतं.

तर चाकणच्या बाईंचं पत्र कसं असावं? लांबलचक आभारांची त्यात गरज नाही. कंपनीवर राग असेल तर तोही इथे नको. गाभा एवढाच:

‘माझ्या नियुक्तीपत्रातील नोटिशीच्या कलमानुसार मी आज, 31 डिसेंबर 2025 रोजी, दोन महिन्यांची नोटीस देत आहे. ही मुदत 1 जानेवारी 2026 रोजी सुरू होऊन 28 फेब्रुवारी 2026 रोजी संपेल. 28 फेब्रुवारी 2026 हा माझ्या सेवेचा शेवटचा दिवस राहील. त्या दिवशी शनिवारची साप्ताहिक सुट्टी असल्याने माझ्याकडील काम व साहित्य मी शुक्रवार, 27 फेब्रुवारी 2026 रोजी कार्यालयीन वेळ संपण्यापूर्वी सुपूर्द करीन. वरील तारखेत आपल्या नोंदीप्रमाणे काही फरक असल्यास कृपया 7 जानेवारी 2026 पर्यंत लेखी कळवावे. अन्यथा हीच तारीख मान्य असल्याचे धरून मी पुढील व्यवस्था करीन.’

शेवटच्या दोन वाक्यांवर एचआरमधले काही जण नाक मुरडतात, कारण कंपनी गप्प राहिली म्हणून ती कायद्याने बांधली गेली असं नव्हे. ते खरं आहे. तरीही ही वाक्यं असावीत. फरक असेल तर तो पहिल्याच आठवड्यात बाहेर येतो आणि दुरुस्त करायला पुढे सात आठवडे हातात राहतात. फरक शेवटच्या शुक्रवारी कळला, तर हातात काहीच उरत नाही.

पत्रात ‘लवकरात लवकर मोकळं करावं, ही विनंती’ असं वाक्य अनेक जण सहज टाकतात. ते टाकू नये. त्यातून तारीख मोकळी सुटते. कंपनीने दुसऱ्याच आठवड्यात ‘तुमच्या विनंतीनुसार आजपासून कार्यमुक्त’ असं लिहिलं, तर उरलेल्या सहा आठवड्यांच्या पगारावरचा हक्क आपणच डळमळीत करून ठेवलेला असतो. लवकर जायचं असेल तर दोन वाक्यं वेगळी लिहावीत: नोटिशीप्रमाणे माझी तारीख अमुक आहे, आपली संमती असल्यास मी तमुक तारखेला जाण्यास तयार आहे आणि उरलेल्या दिवसांचा हिशेब असा व्हावा.

तो हिशेब हा भांडणाचा आणखी एक मोठा विषय. समजा, बाईंना बारा दिवस आधी जायचं आहे. ‘तेवढ्या काळाचा पगार’ म्हणजे कोणता पगार? एकूण 48,000 धरून तिसाने भागलं तर बारा दिवसांचे 19,200 रुपये होतात. मूळ पगाराचे 24,000 धरले तर 9,600. नियुक्तीपत्रात नेमका शब्द कोणता आहे ते पाहावं लागतं. काही कंपन्या शिल्लक हक्काची रजा या दिवसांत वळती करून घेतात, काही अजिबात घेत नाहीत. नोटिशीच्या काळात रजा घेतली तर तेवढ्या दिवसांनी मुदत वाढेल, असं अनेकांच्या धोरणात असतं. तसं असेल तर जानेवारीत घेतलेली तीन दिवसांची रजा शेवटची तारीख 3 मार्चवर नेऊन ठेवते, आणि हे बाईंना रजेचा अर्ज करतानाच ठाऊक असायला हवं. नोटीस पगाराच्या वसुलीवर काही कंपन्या जीएसटीही लावत असत. असा कर लागत नाही, असं केंद्रीय अप्रत्यक्ष कर मंडळाने 3 ऑगस्ट 2022 च्या परिपत्रकात स्पष्ट केलं आहे. हिशेबाच्या कागदावर ती ओळ दिसली तर ती काढून टाकायला सांगता येतं.

नोकरी संपल्यानंतरची घड्याळंही याच तारखेवर लावलेली आहेत. 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झालेल्या वेतन संहितेनुसार राजीनामा दिलेल्या कामगाराचा राहिलेला पगार दोन कामकाजाच्या दिवसांत द्यायचा आहे. ‘फुल अँड फायनलला पंचेचाळीस दिवस लागतात’ असं सांगायची जी सवय आहे, ती निदान पगारापुरती आता मोडावी लागेल. ग्रॅच्युइटीला तीस दिवस. भविष्यनिर्वाह निधीच्या पोर्टलवर नोकरी सोडल्याची तारीख कंपनीने भरली नाही, तर शेवटची वर्गणी जमा झाल्यानंतर दोन महिन्यांनी कर्मचाऱ्याला ती स्वतः भरता येते. तिथे घातलेली तारीख आणि कार्यमुक्तीच्या पत्रातली तारीख एकच असावी. सॉफ्टवेअरची 1 मार्च एका ठिकाणी, साहेबांची 27 फेब्रुवारी दुसऱ्या ठिकाणी, असं झालं तर पुढे नोकरीची पार्श्वभूमी तपासणारी कोणतीही कंपनी आधी याच फरकावर बोट ठेवते.

आणि मधल्या दोन महिन्यांत मन बदललं तर? इथे तर तारखेला वेगळंच वजन येतं. पुढची तारीख घालून दिलेला राजीनामा ती तारीख येईपर्यंत मागे घेता येतो, हे तत्त्व सर्वोच्च न्यायालयाने 1978 मध्ये एका न्यायाधीशांच्याच प्रकरणात मांडलं. अलाहाबाद उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती सतीशचंद्र यांनी 7 मे 1977 रोजी राष्ट्रपतींना पत्र लिहून 1 ऑगस्ट 1977 पासून राजीनामा दिला आणि 15 जुलैला तो मागे घेतला. एका वकिलाने त्याला आव्हान दिलं. उच्च न्यायालयात न्यायमूर्ती हरले, सर्वोच्च न्यायालयात बहुमताने जिंकले. 1 ऑगस्ट उजाडेपर्यंत राजीनामा अमलातच आला नव्हता, म्हणून तो मागे घेण्याचा त्यांचा हक्क शाबूत होता. पत्रात ती तारीख नसती, नुसताच राजीनामा असता, तर गोष्ट वेगळी झाली असती.

कोकण रेल्वेच्या एका कर्मचाऱ्याचं प्रकरण आपल्याला अधिक जवळचं आहे. तेवीस वर्षांच्या नोकरीनंतर त्याने 5 डिसेंबर 2013 रोजी राजीनामा दिला आणि तो महिनाभराने अमलात यावा असं लिहिलं. महिना उलटला, तरी त्याला काही कळवलं गेलं नाही. महामंडळाच्या म्हणण्याप्रमाणे 15 एप्रिल 2014 च्या पत्राने राजीनामा 7 एप्रिलपासून स्वीकारला गेला होता. पण दरम्यान त्याला कामावर बोलावण्यात आलं आणि तो हजरही झाला. 26 मे रोजी त्याने राजीनामा मागे घेतला, तरी 1 जुलैला त्याला कार्यमुक्त केलं. सर्वोच्च न्यायालयाने 13 सप्टेंबर 2024 रोजी सांगितलं, की एप्रिलचं पत्र ही अंतर्गत टिपणी होती, ती कर्मचाऱ्यापर्यंत पोहोचल्याचं दिसत नाही, म्हणून राजीनामा अंतिम झालाच नव्हता. त्याला कामावर परत घ्यायचा आणि मधल्या काळाचा निम्मा पगार द्यायचा आदेश झाला. एक तारीख वेळेवर कळवली नाही म्हणून दहा वर्षं कोर्टात गेली. कर्मचाऱ्याचीही आणि महामंडळाचीही.

प्रत्येक खाजगी कंपनीला हा निकाल जसाच्या तसा लागू होईल असं नाही. सार्वजनिक उपक्रमांत राजीनामा स्वीकारला जाण्याला सेवानियमांनुसार महत्त्व असतं, तर खाजगी करारात नोटिशीची मुदत संपली की नातं संपतं, अशीच बहुधा रचना असते. पण कंपनी लहान असो की मोठी, राजीनामा हातात पडल्यावर तीन-चार दिवसांत ‘मिळाला, तुमच्या सेवेचा शेवटचा दिवस अमुक’ एवढं दोन ओळींचं उत्तर पाठवायला कुणालाही जड जाऊ नये. एचआर विभागांनी हे उत्तर देणं आपल्या कामाचा भाग मानावं, आणि कर्मचाऱ्यांनी ते उत्तर हातात येईपर्यंत नव्या कंपनीला रुजू होण्याची तारीख पक्की सांगू नये. राजीनामा लिहायला बसण्याआधी नियुक्तीपत्र बाहेर काढावं, नोटिशीचं कलम शब्दशः वाचावं, रुजू झाल्याची तारीख पाहावी आणि मगच शेवटच्या दिवसाची तारीख, महिना आणि वर्ष पत्रात स्पष्ट लिहावं.